मुंग्यांमधून ओळखलेलं गाणं

वरळीचा दूरदर्शन मनोरा सुमारे 300 मीटर उंच. एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरी पृथ्वीची गोलाई आडवी येण्याआधी साधारण 70 किलोमीटरपर्यंत पोचतात. घराच्या कौलावर दहा मीटरचा बांबू उभारून अँटेना लावला, तर आणखी बारा-तेरा किलोमीटर पदरात पडतात. वरळी ते मुरुड हवाई अंतर 75 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कागदावर मुरुड जेमतेम टप्प्यात येतं. पण वाटेत फणसाडचे डोंगर आहेत, आणि डोंगराला कागदाचा हिशेब कळत नाही. म्हणून ज्यांनी अँटेना थेट मुंबईकडे रोखला होता, त्यांच्या पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. एक जण कौलावर, एक जण खिडकीत, आणि आतून आरोळी: ‘आलं, आलं, थांब तिथंच!’

हे आधी सांगायचं कारण आहे. ‘ते गाणं कुठलं हो, ज्यात ती बाई अशी अशी नाचते?’ हा प्रश्न त्या पिढीतली माणसं अजून विचारतात. त्याचं उत्तर शोधायचं, तर त्या माणसानं गाणं कसल्या पडद्यावर पाहिलं हे आधी कळायला हवं. संदेश क्षीण होत गेला की सगळं एकदम जात नाही. आधी रंग जातो. रंगीत संचातच तशी सोय असते: रंगाची खूण पुरेशी मिळाली नाही की संच आपण होऊन कृष्णधवल चित्र दाखवतो. (अनेक घरांत मुळातच कृष्णधवल संच होते, तो भाग वेगळा.) मग बारीक अक्षरं जातात, म्हणजे चित्रपटाचं आणि गायिकेचं नाव सांगणारी पट्टी. मग चेहरे पुसट होतात. आवाज बराच वेळ तग धरतो आणि मोठी हालचाल तर मुंग्यांतूनही कळते. माझा अनुभव असा, की आठवणीतले पुरावेही याच क्रमानं बेभरवशाचे असतात. साडीचा रंग कुणी छातीठोकपणे सांगितला, तर मी तो बाजूला ठेवतो. ‘बाई गात होती, मागे घोळका होता, पुरुषाचा आवाजच नव्हता’ असं कुणी म्हटलं की मी वही उघडतो.

दुसरी पायरी कार्यक्रमाची. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि गुरुवारचं ‘छायागीत’ हा त्याचा हुकमी एक्का ठरला. बुधवारचं ‘चित्रहार’ राष्ट्रीय, अर्ध्या तासाचं. पण या दोन्ही निवडक गाण्यांच्या मालिका होत्या, क्रमवारी नव्हे. क्रमवारीची सवय आपल्याला रेडिओनं लावली. रेडिओ सिलोनवर 1952 पासून अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाले’त गाणी पायदान चढत-उतरत होती, आणि तीही बुधवारीच. दूरचित्रवाणीवर दहापासून एकपर्यंत खाली येणारी मोजणी रुजली ती नव्वदच्या दशकात, डीडी मेट्रोवरच्या ‘सुपरहिट मुकाबला’मुळे. सूत्रधार बाबा सेहगल. मेट्रो वाहिनी चार महानगरांसाठी होती. लहान गावांत ती पोचली ती बहुतेक केबलवाल्याच्या कृपेनं.

हा फरक शोधकाला फार उपयोगी पडतो. क्रमवारीच्या कार्यक्रमात दिसलेलं गाणं त्या काळात ताजं असलं पाहिजे, त्यामुळे साल जवळजवळ हातात येतं. ‘चित्रहारा’त मात्र कालचं गाणं आणि वीस वर्षांपूर्वीचं गाणं शेजारी शेजारी बसायचं, तिथून सालाचा काही पत्ता लागत नाही.

आता प्रत्यक्ष प्रकरण. मुरुडच्या कोळीवाड्यातल्या एका आजींना एक नाच आठवत होता. कोळणींचा घोळका, मधोमध नायिका, लुगड्याचा काष्टा. ‘चित्रहाराला लागायचं, पहिला नंबर होता त्याचा,’ असं त्या म्हणाल्या. नायिकेचं नाव आठवत नव्हतं. रंग विचारला तर हसल्या; संच कृष्णधवल होता.

हिंदी पडद्यावर कोळीवाडा किंवा गोव्याकडचा मच्छीमार दिसला की पहिलं नाव येतं ‘बॉबी’चं, 1973. त्यातल्या ‘ना मांगू सोना चांदी’मध्ये घोळका आहे, ठेका आहे, समुद्रकाठची माणसं आहेत. पण त्यात मन्ना डे यांचा आवाज आहे आणि भल्यामोठ्या अंगाचे प्रेमनाथ नाचतात. मुंग्यांतूनसुद्धा ते लपणार नाहीत. त्यातल्याच ‘झूठ बोले कौआ काटे’मध्येही नायक-नायिका दोघंही गातात. आजींच्या आठवणीत पुरुष गात नव्हता, आणि या मुद्द्यावर त्या जराही हलल्या नाहीत. ‘बाप्ये होते, पण मागं. गायची ती बाईच.’

मग सालाची चौकट. घरात संच आला तो धाकट्या मुलीच्या लग्नाच्या सुमारास, आणि लग्न 1990 च्या आगेमागे झालेलं. जुनं गाणंही ‘चित्रहारा’त लागू शकतं, म्हणून यावरून ‘बॉबी’ बाद होत नाही. तो आवाजावरून बाद झाला होता. चौकटीनं फक्त नवा उमेदवार पुढे आणला: ‘सैलाब’, 1990. माधुरी दीक्षित, संगीत बप्पी लाहिरींचं, आवाज अनुपमा देशपांडेंचा, नृत्यदिग्दर्शन सरोज खान यांचं. ‘हमको आजकल है इंतजार’. चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही, पण हा नाच टिकला. सरोज खान यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. ‘तेजाब’च्या ‘एक दो तीन’साठी ते त्यांना आधीच मिळालेलं होतं.

नाव सापडलं म्हणजे खात्री झाली असं नाही. ‘हेच का ते?’ असं विचारून गाणं लावलं, तर बहुतेक माणसं सौजन्यानं हो म्हणतात. म्हणून मी आधी मुद्दाम ‘बॉबी’चं लावलं. आजींनी दोन ओळी ऐकून मान हलवली: ‘हे नाही.’ मग काही न बोलता ‘सैलाब’चं लावलं. त्या गप्प होत्या, पण थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले, आणि पडद्यावर ती हालचाल त्यानंतर आली. आधीच पुढची हालचाल करून दाखवणं हा मला माहीत असलेला सगळ्यात पक्का पुरावा. चेहरा ओळखण्यात चूक होते, पण अंगात बसलेला क्रम सहसा खोटा नसतो. वर त्यांनी शेराही मारला: ‘काष्टा आमच्यासारखा नाही घातलाय. असा घालून मासळीची पाटी उचलून दाखव म्हणावं!’ पडद्यावरच्या कोळीनाचाबद्दल हा शेरा कुठल्याही समीक्षेपेक्षा मला अचूक वाटतो.

राहिला ‘पहिला नंबर’. ‘चित्रहारा’त नंबर नव्हतेच, आणि मोजणीचे कार्यक्रम मूळ धरेपर्यंत हे गाणं जुनं झालं होतं. मला वाटतं, दोन आठवणी एकमेकींवर बसल्या. 1992 मध्ये ‘बेटा’ आला. त्यातही माधुरी, त्यातही सरोज खान, आणि ‘धक धक करने लगा’ची लाट. घरी केबल आल्यावर क्रमवारीच्या कार्यक्रमात माधुरीला वर बसलेली त्यांनी पाहिली असेल, आणि तो मान आपल्या आवडत्या नाचाला देऊन टाकला असेल. हा माझा अंदाज. आजींना तो मान्य नाही.

अशा शोधात आणखी एक अडचण नेहमी येते. वेळेत बसवण्यासाठी दूरदर्शनवर गाणी कापली जायची आणि शेवटचं कडवं हमखास बळी पडायचं. म्हणून वर्णनात शेवटच्या कडव्यातलं दृश्य असेल, तर ते माणूस ‘चित्रहारा’त पाहिल्याचं कितीही ठासून सांगो, त्यानं ते बहुधा थिएटरात किंवा व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेलं असतं. त्याच कोळीवाड्यातल्या एका काकांचं पावसात छत्री फेकून देणाऱ्या नायिकेचं गाणं याच कारणानं अडलंय. छत्री फेकली जाते ती अगदी शेवटी असं ते म्हणतात, आणि सिनेमा पाहायला आपण कधी गेलोच नाही असंही म्हणतात.