मांजर चार्जरवर का बसतं?

मांजराच्या शरीराचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. ते टिकवायला जादा ऊर्जा लागू नये म्हणून भोवताली 30 ते 38 अंशांची ऊब हवी. माणसाला सुखद वाटणाऱ्या 25 अंशांच्या खोलीतही मांजराचं शरीर उष्णतेसाठी राबत असतं. म्हणून ते उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत राहतं आणि ऊन गेलं की गरम लॅपटॉप किंवा चार्जर गाठतं.

उन्हाचा धोका मुख्यतः पांढऱ्या मांजरांना. कानांच्या विरळ केसांच्या टोकांवर वर्षानुवर्षं कडक ऊन पडलं, तर तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. कानाच्या कडेवरची न भरणारी खपली ही त्याची सुरुवातीची खूण.

चार्जरच्या उबेपेक्षा वायर जास्त घातक. चार्जरकडून लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीत साधारण 20 व्होल्टच असतात, पण भिंतीकडून चार्जरकडे येणारीत पूर्ण 230. चावऱ्या पिल्लांना तिथेच शॉक बसतो. अशा वेळी आधी बटण बंद करावं, मगच पिल्लाला हात लावावा. ओठांच्या कडेला किंवा जिभेवर पांढुरकी, करपलेली जखम दिसते, लाळ गळते. पिल्लू लगेच खेळू लागलं तरी पशुवैद्याकडे न्यायलाच हवं, कारण फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात. धाप लागणं, तोंड उघडून श्वास घेणं ही त्याची लक्षणं.