पाच गणवेश, दोन तपकिरी, दोन काळ्या

‘के-ऑन!’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या बहुतेक पोस्टरवर पाच शाळकरी मुली एका ओळीत किंवा घोळक्याने उभ्या असतात. पाचही जणींच्या अंगात गडद निळा ब्लेझर, आत पांढरा शर्ट, खाली स्कर्ट आणि गळ्यात रिबन. चेहरेही एकाच घडणीचे, म्हणजे मोठे डोळे, इवलेसे नाक, गोल गाल. मालिका न पाहिलेल्याला या पाच बहिणी वाटतात. पाहिलेल्याला मात्र कोण कोण आहे हे क्षणात कळते, कारण त्याची नजर चेहऱ्यावर थांबत नाही. ती आधी केसांकडे जाते.

काकिफ्लाय या टोपणनावाच्या चित्रकाराने २००७ मध्ये ‘मांगा टाइम किरारा’ या मासिकात ही चार चौकटींची चित्रकथा सुरू केली. क्योतो ॲनिमेशनने २००९ मध्ये नाओको यामादा यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका बनवली आणि पडद्यासाठी पात्रांची रेखाटने युकिको होरिगुची यांनी केली. शाळेतल्या संगीत क्लबच्या पाच मुलींचा बँड, एवढाच कथेचा पसारा आहे. यातली शाळा नेहमीच्या जगातली असल्यामुळे केसांचे रंगही बरेचसे तसेच आहेत. गुलाबी, हिरवे, जांभळे केस देऊन प्रत्येकीला वेगळे करण्याची ॲनिमेतली सोपी वाट इथे बंद आहे. म्हणूनच ओळखीच्या खुणा कशा बेतलेल्या असतात हे शिकायला हे पोस्टर फार चांगले आहे.

आधी रंगांची मोजदाद करावी. एक मुलगी फिक्या सोनेरी केसांची, दोघी काळ्या केसांच्या, दोघी तपकिरी केसांच्या. सोनेरी केसांची ती त्सुमुगी कोतोबुकी, मैत्रिणींची मुगी. तिचे केस लांब व लहरदार, डोळे निळे आणि भुवया चांगल्याच जाड आहेत. तिच्यासाठी रंग एवढा एकच पुरावा पुरतो. उरलेल्या चौघींसाठी तो अर्ध्या वाटेवर सोडून देतो.

काळ्या केसांच्या दोघींत मिओ आकियामाचे केस मोकळे, सरळ, कमरेच्या दिशेने उतरणारे आणि कपाळावर सरळ रेषेत कापलेले. अझुसा नाकानोचे केसही लांबच, पण डोक्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेले दोन पोनीटेल. चित्र दुरून पाहिले, किंवा डोळे किलकिले करून नुसत्या आकृत्या पाहिल्या, तरी हा फरक टिकतो. मिओची बाह्यरेषा एकसंध खाली येते आणि अझुसाच्या डोक्याला दोन फांद्या फुटतात. जोडीला उंचीही आहे. पाचांत मिओ सर्वांत उंच आणि अझुसा सर्वांत ठेंगणी.

खरी कसोटी तपकिरी केसांच्या दोघींपाशी लागते. युई हिरासावा आणि रित्सु ताइनाका दोघींचे केस आखूड आहेत, आणि दोघींच्या डोक्यावरची वस्तू पिवळीच आहे. ‘पिवळे काहीतरी घातलेली’ अशी खूण मनात धरली तर गोंधळ ठरलेला. इथे रंगापेक्षा वस्तूचे काम पाहावे लागते. युईच्या पिवळ्या पिना कपाळावरची थोडीच बट बाजूला धरतात आणि बाकीची झुलपे कपाळावरच राहतात. रित्सुचा पिवळा हेअरबँड सगळी झुलपे मागे ओढतो, त्यामुळे तिचे कपाळ पूर्ण उघडे पडते. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा: कपाळ दिसते आहे का? दिसत असेल तर रित्सु, झाकलेले असेल तर युई. पोस्टर लहान छापल्यामुळे पिना दिसेनाशा झाल्या, तरी हे उत्तर चुकत नाही. या मालिकेच्या रचनेतली ही सर्वांत हुशार गोष्ट म्हणावी लागेल, कारण दागिना छोटा असूनही त्याचा परिणाम अख्ख्या चेहऱ्यावर उमटतो.

दागिने असे साधे असण्यामागे कारखान्याची गरजही आहे. ॲनिमेत एकच पात्र अनेक चित्रकार हजारो वेळा काढतात. कोरीवकाम केलेली नाजूक क्लिप प्रत्येक चौकटीत सारखी उतरणार नाही. दोन आडव्या रेषांची पिन किंवा एक सपाट पट्टी मात्र कोणाच्याही हातून तशीच उतरते. शिवाय मूळ चित्रकथा काळ्या-पांढऱ्या छपाईत जन्मली. तिथे रंग नव्हताच. केस शाईने भरायचे, ठिपक्यांनी करडे करायचे की कोरे ठेवायचे एवढीच निवड हाती असल्याने, फरक केसांच्या आकारात आणि बांधणीत आधीपासूनच घालावा लागला. रंग नंतर आले.

सारख्या गणवेशातही एक भेद लपलेला असतो. जपानमधल्या अनेक शाळांत रिबनचा रंग इयत्तेप्रमाणे ठरतो, आणि या शाळेतही तसेच आहे. युई, मिओ, रित्सु आणि मुगी एका वर्गाच्या, त्यांची रिबन निळी. अझुसा एक वर्ष मागे, तिची रिबन लाल. घोळक्यात पाठीमागे अर्धवट झाकलेली अझुसा कधी कधी या लाल रिबनवरूनच पकडता येते.

रिबनचा खरा उपयोग मात्र युईची धाकटी बहीण उई पोस्टरवर आली की होतो. दोघींचे चेहरे आणि केसांचा रंग जवळजवळ एकच. उईने केस मागे पोनीटेलमध्ये बांधलेले असतात आणि त्यावर, पुन्हा एकदा, पिवळी रिबन असते. ती अझुसाच्या वर्गात असल्याने तिच्या गळ्यातली रिबन लाल आहे. समोरून पाहताना पोनीटेल डोक्यामागे दडला, तर केसांतल्या पिना आणि गळ्यातला रंग या दोनच गोष्टी बहिणींना वेगळे करतात. हा धोका मालिकेच्या लेखकांनाही ठाऊक आहे. पहिल्या पर्वात युई सर्दीने आजारी असताना उई केस मोकळे सोडून, पिना लावून तिच्या जागी सरावाला जाते आणि मैत्रिणी सुरुवातीला फसतात. अझुसाला युई लाडाने ‘अझुन्यान’ म्हणते, उई मात्र ‘अझुसा-चान’ म्हणते. बोलण्यातली ही खूण पोस्टरवर अर्थातच मिळत नाही. दागिने बदलले की डोळ्यांना ओळख पटत नाही, हे त्या प्रसंगात दिसते.

पोस्टरवर ही पद्धत अडखळते ती प्रामुख्याने उजेडामुळे. संध्याकाळच्या आणि रात्रीच्या दृश्यांसाठी रंगसंयोजक पात्रांचे सगळे रंग नव्याने ठरवतात. मावळतीच्या नारिंगी प्रकाशात मुगीचे सोनेरी केस तपकिरीकडे झुकतात, निळसर रात्रीत तपकिरी केस काळे भासतात आणि लाल-निळ्या रिबनीतला फरकही मंदावतो. अशा चित्रात एकेका मुलीच्या केसांना रंगाचे नाव देत बसू नये. शेजारी उभ्या असलेल्या दोघींची तुलना करावी. उजेड कसाही असला तरी मुगी सर्वांत फिकी आणि मिओ-अझुसा सर्वांत गडद, हा क्रम सहसा मोडत नाही.

दुसरी अडचण कार्यक्रमाच्या वेशांची. रंगमंचावरच्या पोस्टरवर गणवेश जातो, त्याबरोबर गळ्यातली रिबन जाते आणि कधी केशरचनाही बदलते. तेव्हा वाद्य पाहावे. रित्सुकडे ड्रम, मुगीपुढे कीबोर्ड, युई आणि अझुसाकडे गिटार, मिओकडे बास. मिओ डावखुरी आहे, त्यामुळे तिच्या वाद्याची मान इतर दोघींच्या उलट दिशेला जाते. तीन तारवाद्ये शेजारी धरलेली असतील तर हा एक उलटा कोन केस न पाहताही मिओला दाखवून देतो. युई आणि अझुसा यांच्यात गिटारचा आकार सांगतो: युईची जाड अंगाची लेस पॉल, अझुसाची त्याहून लहान, लाल मस्टँग.