चार आकड्यांवर बेतलेलं एक पाऊल

हिशेब समजून घेण्यासाठी फर्निचरचा एक छोटा कारखाना कल्पू या. आठवड्याला कारागिरांचे १०० तास आणि ६० घनफूट लाकूड, एवढंच भांडवल. एका खुर्चीला २ तास आणि १ घनफूट लाकूड लागतं, नफा ५०० रुपये. स्टुलाला १ तास, १ घनफूट, नफा ३००. टेबलाला ४ तास, ३ घनफूट, नफा १२००. बाकाला २ तास, ३ घनफूट, नफा ६५०. कपाटाला ५ तास, ३ घनफूट, नफा १२५०. कशाचे किती नग करावेत म्हणजे नफा जास्तीत जास्त होईल?

अशा प्रश्नांना रेषीय प्रोग्रॅमिंग म्हणतात आणि ते सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडली. पाठ्यपुस्तकात ती एका मोठ्या तक्त्याच्या रूपात शिकवतात आणि प्रत्येक पायरीला तो अख्खा तक्ता नव्याने लिहावा लागतो. बंधनं ३०० आणि पर्याय १०,००० असतील, तर तक्त्यात ३० लाख आकडे होतात. त्यांतल्या बहुतेकांकडे त्या पायरीत कुणी ढुंकूनही पाहत नाही. सुधारित सिम्प्लेक्स पद्धत हा तक्ता सांभाळतच नाही. मूळ माहिती जशीच्या तशी ठेवायची आणि सोबत फक्त एक लहान चौकोनी मॅट्रिक्स बाळगायची. बंधनं ३०० असतील तर ही मॅट्रिक्स ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,००० आकड्यांची. आपल्याकडे बंधनं दोनच, म्हणून चार आकडे पुरतात.

समजा, सध्या कारखान्यात फक्त खुर्च्या आणि स्टुलं बनतात. या दोन वस्तू म्हणजे सध्याचा ‘आधार’. त्यांच्या गरजा दोन स्तंभांत मांडल्या, की पहिल्या ओळीत तास येतात (२ आणि १) आणि दुसरीत लाकूड (१ आणि १). या मॅट्रिक्सची व्यस्त मॅट्रिक्स अशी:

```
 १   −१
−१    २
```

हे चार आकडे नीट वाचले तर बोलू लागतात. पहिली ओळ खुर्च्यांची: तासांतून लाकूड वजा करा, म्हणजे १०० − ६० = ४० खुर्च्या. दुसरी ओळ स्टुलांची: −१०० + १२० = २० स्टुलं. नफा २६,००० रुपये. स्तंभांकडून पाहिलं तर आणखी कळतं. पहिला स्तंभ सांगतो, की एक तास जास्त मिळाला तर एक खुर्ची वाढवायची आणि एक स्टूल कमी करायचं. लाकूड तेवढंच लागेल आणि नफा ५०० − ३०० = २०० रुपयांनी वाढेल. दुसरा स्तंभ सांगतो, की एक घनफूट लाकूड जास्त मिळालं तर एक खुर्ची कमी, दोन स्टुलं जास्त. वाढ १०० रुपये. म्हणजे आजच्या घडीला कारखान्याच्या दृष्टीने एका तासाचं मोल २०० रुपये आणि एका घनफुटाचं १०० रुपये. यांना छाया किंमती म्हणतात. बाजारभावाशी त्यांचा संबंध नाही. आजच्या नियोजनातूनच त्या निघतात आणि नियोजन बदललं की त्याही बदलतात.

आता आधाराबाहेरच्या वस्तूंना या किंमतींची फूटपट्टी लावायची. बाक जेवढी साधनं खातं त्यांचं मोल ४०० + ३०० = ७०० रुपये आणि नफा ६५०; तोटाच. कपाटाचं मोल १००० + ३०० = १३००, नफा १२५०; तेही परवडत नाही. तास किंवा लाकूड पडून ठेवण्यात तर काहीच नफा नाही. टेबलाचं मोल ८०० + ३०० = ११००, नफा मात्र १२००. दर टेबलामागे १०० रुपये जास्त सुटतात, म्हणून टेबल आधारात येणार. बाक आणि कपाट यांच्यासाठी आपण फक्त एकेक गुणाकार-बेरीज केली. तक्त्याच्या पद्धतीत त्यांचे संपूर्ण स्तंभ बदलत बसावं लागलं असतं. सगळी बचत इथेच आहे.

टेबल करायचं तर त्यासाठी काय सोडावं लागेल? टेबलाचे ४ तास आणि ३ घनफूट त्याच चार आकड्यांतून काढा: ४ − ३ = १ आणि −४ + ६ = २. एका टेबलासाठी एक खुर्ची आणि दोन स्टुलं सोडायची. ताळा करून पाहा: त्यांतून २ + २ = ४ तास आणि १ + २ = ३ घनफूट लाकूड मोकळं होतं.

मग टेबलं किती करता येतील? खुर्च्या ४० आहेत, दर टेबलाला एक जाते; त्या ४० टेबलांपर्यंत पुरतील. स्टुलं २० आहेत, दर टेबलाला दोन जातात. ती १० टेबलांनाच संपतात. लहान गुणोत्तर पाळावंच लागतं. अकरावं टेबल केलं तर स्टुलांची संख्या उणे दोन होईल. म्हणून १० टेबलं, ३० खुर्च्या, आणि स्टूल आधाराबाहेर. नफा १५,००० + १२,००० = २७,०००.

व्यस्त मॅट्रिक्स मात्र पुन्हा मुळापासून काढायची गरज नाही. जाणाऱ्या स्टुलाची ओळ त्याच्या २ ने भागा, म्हणजे −०.५ आणि १. ही ओळ आता टेबलाची. खुर्चीचा आकडा १ होता, म्हणून नवी ओळ एकदा खुर्चीच्या ओळीतून वजा करा: १.५ आणि −२. झाली नवी मॅट्रिक्स:

```
 १.५   −२
−०.५    १
```

फेरी इथे संपते. तिचा परिणाम पाहायचा तर नव्या छाया किंमती काढाव्यात: तासाची ७५० − ६०० = १५० रुपये, लाकडाची −१००० + १२०० = २०० रुपये. मला या गणितातली ही जागा सगळ्यांत आवडते. लाकूड जास्त खाणारी वस्तू आत आल्याबरोबर लाकूड महागलं आणि तास स्वस्त झाला. नव्या दराने स्टुलाचं मोल ३५०, बाकाचं ९००, कपाटाचं १३५०. तिन्ही आपापल्या नफ्यापेक्षा जास्त. किंमती शून्याखाली नाहीत, म्हणून साधनं पडून ठेवण्यातही फायदा नाही. आत यायला कुणीच उरलं नाही, म्हणजे २७,००० हाच सर्वाधिक नफा.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. संगणकावर मात्र दशांश चिन्हापुढचे आकडे कुठेतरी तोडावे लागतात आणि दर फेरीत मॅट्रिक्स मागच्या मॅट्रिक्सवरूनच बनत असल्यामुळे चूक साचत जाते. भागायचा आकडा आपल्यासारखा २ नसून ०.००००१ असेल, तर आधीची बारीक चूक लाखपट होऊन पुढे जाते. हे ओळखायचं कसं? आलेले नग मूळ गरजांत घालून पाहायचे: ३० खुर्च्यांचे ६० तास आणि १० टेबलांचे ४० मिळून बरोबर १०० यायला हवेत, लाकूड ३० + ३० = ६०. फरक दिसू लागला, की साचलेली मॅट्रिक्स टाकून देऊन मूळ स्तंभांवरून ती नव्याने काढायची. मूळ माहितीला आपण कधी हातच लावलेला नसतो, म्हणून हे शक्य होतं. तक्त्याच्या पद्धतीत मूळ आकडे पहिल्याच फेरीत पुसले जातात.

मोठ्या प्रश्नांत खुद्द व्यस्त मॅट्रिक्सही अवजड होते, कारण मूळ स्तंभांत शून्यंच शून्यं असली तरी तिच्यात ती फारशी उरत नाहीत. यावर १९५४ मध्ये डँट्झिग आणि ऑर्चर्ड-हेज यांनी तोडगा काढला: अख्खी मॅट्रिक्स न लिहिता, दर फेरीत काय बदललं तेवढ्याच नोंदी ओळीने ठेवायच्या. आपल्या फेरीची नोंद दोनच आकड्यांची झाली असती, टेबलासाठी सोडावी लागलेली एक खुर्ची आणि दोन स्टुलं. आजची सॉफ्टवेअर बहुधा आधाराचे दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये अवयव पाडतात आणि काही फेऱ्या झाल्या की ते पुन्हा नव्याने पाडतात.