फोटोत नंतर आलेली आजी

१९९४ सालच्या मुंजीचा ग्रुप फोटो आहे. निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केली, म्हणजे आडव्या बाजूला सुमारे ३४०० पिक्सेल मिळाले. त्या दिवशी आजारी असलेली आजी फोटोत नाही. तिचा डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला चांगला फोटो मात्र घरात आहे. तो नीट कापून मावशीशेजारी बसवला, तरी आजी वरून चिकटवल्यासारखीच दिसते. कापणी चुकली असेल असं आपल्याला वाटतं. खरं तर कडा ठीक असतात. आजी बाकीच्यांपेक्षा फार स्वच्छ, फार रेखीव आणि वेगळ्या रंगाची असते. या तिन्ही गोष्टी एका ठरावीक क्रमाने जुळवाव्या लागतात: आधी रंग, मग रेखीवपणा आणि शेवटी ग्रेन.

रंगापासून सुरुवात करू. जुन्या स्कॅनवर रंगाची झाक असते, पण ती सगळीकडे सारखी नसते. या फोटोत गडद भाग निळसर आहेत, तर उजळ भाग पिवळट. म्हणून आजीवर एकच पिवळी छटा चढवून भागत नाही. फोटोशॉपमधल्या ड्रॉपरने मावशीच्या केसांतली सगळ्यात काळी जागा मोजली, तर लाल ३०, हिरवा २८, निळा ४४ असे आकडे येतात. धोतराच्या पांढऱ्या घडीवर २३६, २२६, १९८ येतात. आजीच्या फोटोत काळा ८ च्या आसपास आणि पांढरा २४६ आहे. `Curves` मध्ये प्रत्येक रंग वेगळा निवडायचा, डावं टोक वर आणि उजवं टोक खाली आणून आजीचा काळा-पांढरा या आकड्यांवर बसवायचा. मधल्या छटांसाठी मावशीचा गाल पाहायचा, कारण दोघींवर मांडवातला तोच उजेड पडलेला दिसायला हवा.

आता रेखीवपणा. मावशीच्या चष्म्याची काडी ४०० टक्के मोठी करून पाहिली, तर काळ्यापासून त्वचेच्या रंगापर्यंत जायला चार-पाच पिक्सेल लागतात. आजीच्या चष्म्यावर दोनच लागतात. `Gaussian Blur` एकच्या आसपास ठेवून ही रुंदी सारखी करायची. तुलना त्याच रांगेतल्या माणसाशीच हवी. मागच्या रांगेतली माणसं मुळातच जास्त पुसट असतात. कापलेल्या कडेलाही तेवढाच मऊपणा द्यायचा. स्कॅनरने आपणहून धार वाढवली असेल, तर काळ्या कडेलगत बारीक पांढरी रेघ दिसते. अशा वेळी तो पर्याय बंद करून पुन्हा स्कॅन करणंच बरं.

ग्रेन शेवटी, कारण लेन्सचा पुसटपणा फिल्मवर पोचण्याआधीच चित्रात येतो आणि ग्रेन फिल्मचा असतो. आधी ग्रेन घालून मग चित्र पुसट केलं, तर तोही विरघळतो. रंगीत फिल्ममध्ये धुलाईनंतर चांदी निघून जाते. उरतात ते रंगाचे सूक्ष्म ठिपके. ते तीन थरांत स्वतंत्र असतात आणि एकेक ठिपका अनेक पिक्सेलवर पसरतो. सॉफ्टवेअरचा नॉइज मात्र प्रत्येक पिक्सेलवर वेगळा असल्यामुळे वाळूसारखा खरखरीत दिसतो.

म्हणून आजीपुरताच, मध्यम करड्या रंगाचा वेगळा लेयर `Overlay` मध्ये ठेवायचा. त्यावर `Add Noise` रंगीतच द्यायचा आणि मग ०.७ पिक्सेलचा `Gaussian Blur` लावायचा. `Overlay` मुळे अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्या भागांत हा ग्रेन आपोआप कमी होतो. स्कॅनमध्येही तो मधल्या छटांतच सर्वांत जास्त जाणवतो. प्रमाण मात्र नजरेने ठरवू नये. मागच्या भिंतीचा सपाट तुकडा निवडून `Histogram` मधला `Std Dev` वाचायचा. समजा, हिरव्यात ६ आणि निळ्यात ९ आला. मग भिंतीच्याच रंगाचा सपाट चौकोन याच ग्रेन लेयरखाली तात्पुरता ठेवून तिथे तेच आकडे येईपर्यंत प्रत्येक रंगाचा नॉइज कमी-जास्त करायचा. पुसट केल्यावर आकडा घसरतो, म्हणून मोजणी त्यानंतरच.

शेवटची परीक्षा म्हणजे लाल, हिरवा आणि निळा चॅनेल एकेक करून काळ्या-पांढऱ्यात पाहणं. रंगीत चित्रात लपलेली चूक निळ्यात बहुधा उघडी पडते: आजीचा चेहरा गुळगुळीत आणि शेजारी मावशीचा दाणेदार. मात्र उजेड उलट्या बाजूने पडला असेल किंवा चेहरा लहान असून मोठा करावा लागला असेल, तर कितीही ग्रेन घातला तरी तो फोटो बसणार नाही. अशा वेळी दुसरा फोटो शोधावा.

मूळ स्कॅन मात्र हात न लावता वेगळा जपून ठेवा. नव्या प्रिंटच्या मागे, आजी नंतर जोडली आहे, असं तारखेसह लिहा. पुढची पिढी हा फोटो पुरावा म्हणून पाहील, आणि तिला खरं काय ते कळायलाच हवं.