उतरलेले दार आणि दोन स्क्रू

मालवणच्या घरांतून सागवानी दारे आणि पितळी बिजागऱ्या मागे पडून त्यांच्या जागी प्लायवूडची आणि पार्टिकल बोर्डची कपाटे आणि आत दडलेल्या ‘ऑटो’ बिजागऱ्या आल्या आहेत. या कपाटांची दारे पावसाळ्यानंतर का उतरतात, याचा तपास करण्याच्या संपादकांच्या सूचनेवरून मी धुरीवाड्यातील एका मेस्त्रींच्या कामावर गेलो. दाराच्या पाठीत ३५ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात बसणारा कप, कपाटाच्या बाजूफळीवरची प्लेट आणि या दोहोंना जोडणारा हात, एवढीच या बिजागरीची रचना; दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील कारखान्यांत ती रुजली आणि तेथून ती आपल्याकडे आली.

मेस्त्रींनी आरंभीच बजावले, “आधी खोको काटकोनात आसा काय तां बघा, मगे बिजागरीक हात लावा.” दोन्ही कर्ण समान भरले. दाराच्या वरची फट मात्र बिजागरीकडून मुठीकडे रुंदावत गेली होती आणि मुठीकडचा कोपरा ३ मिलिमीटर उतरला होता. अशा वेळी सामान्य मनुष्य प्लेटचे स्क्रू सैल करून दार उचलू पाहतो. पण तो उंचीचा उपाय आहे, आणि फट सर्वत्र सारखी असून दार खाली-वर असेल तेव्हाच तो लागू पडतो. येथे दार खाली गेलेले नव्हते, ते तिरके झाले होते.

दाराची रुंदी ४५० मिलिमीटर आणि दोन बिजागऱ्यांतील अंतर ६०० मिलिमीटर असल्याने त्रैराशिकाने ३ मिलिमीटरच्या उताराला ४ मिलिमीटरची आडवी दुरुस्ती लागते. ती मेस्त्रींनी दोन बिजागऱ्यांत वाटली: कपाच्या जवळच्या स्क्रूने दाराची वरची बाजू २ मिलिमीटर बिजागरीकडे ओढली आणि खालची तितकीच मुठीकडे ढकलली, कारण एका बिजागरीची आडवी मर्यादा बहुधा दोन्ही दिशांना २ मिलिमीटरच्या आसपास असते. या विभागणीतील मेस्त्रींची बुद्धी पाहून मला मनापासून कौतुक वाटले. नंतर दाराची खालची कड पुढे राहत होती, तेव्हा खालच्या बिजागरीचा मागचा स्क्रू सैल करून हात किंचित आत सरकवला आणि पुन्हा घट्ट आवळला. हा स्क्रू ढिला राहिला, तर दार स्वतःच सरकते.

परंतु सर्वच दारे स्क्रूने वठणीवर येत नाहीत. खारट, दमट हवेने पार्टिकल बोर्ड फुगतो, त्यातील छिद्र मोठे होते आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. मग दुरुस्ती कितीही अचूक असो, दार पुन्हा उतरते. मेस्त्री असे छिद्र ८ मिलिमीटरचे करून त्यात गोंद लावलेली लाकडी खुंटी ठोकतात, ती वाळल्यावर नवे बारीक छिद्र पाडतात. पण बोर्ड भुगा होऊ लागला असेल तर ती फळीच बदलावी लागते. दार स्वतः पिळलेले असेल, म्हणजे एक कोपरा टेकतो आणि समोरचा सुटतो, तर बिजागरी तो पीळ थोडासा झाकते, दार सरळ करू शकत नाही. आणि गंजलेल्या स्क्रूची खाच झिजली, की तिन्ही दिशांची सोय निष्फळ ठरते. म्हणून किनाऱ्यावर स्टेनलेस स्टीलची बिजागरी आरंभीच घेणे इष्ट, असे मेस्त्रींचे स्पष्ट मत आहे.