एजन्सीचे पैसे नेमके कशाचे?

समजा, तुम्ही ऑनलाइन सुती साड्या विकता. महिन्याला दोन लाखांच्या जाहिराती, चारशे ऑर्डरी, सरासरी दोन हजारांची साडी, म्हणजे आठ लाखांची विक्री. जाहिराती एजन्सी बघते. तिला पैसे कसे द्यायचे?

सरळ मार्ग रिटेनरचा, म्हणजे दरमहा ठरलेले तीस हजार. हिशेब सोपा, पण काम हळूहळू थंडावण्याची भीती असते. गूगल अ‍ॅड्सच्या खात्यातलं Change history उघडा. महिनाभरात कुणी कशाला हात लावला, ते तारखेनिशी दिसतं.

दुसरा मार्ग टक्केवारीचा. वर्तमानपत्रं एजन्सीला पंधरा टक्के कमिशन देत, तिथून ही पद्धत रुळली. दोन लाखांवर पंधरा टक्के म्हणजेही तीस हजारच. पण आता एजन्सी म्हणते, खर्च तीन लाख करू. विक्री नऊ लाख वीस हजारांवर जाते आणि सगळे खूश होतात. वाढीव भाग तेवढा वेगळा काढा. एक लाखाची जाहिरात आणि पंधरा हजारांची जादा फी गेली, विक्री वाढली एक लाख वीस हजारांनी. साडीत चाळीस टक्के सुटत असतील तर हाती आले अठ्ठेचाळीस हजार. सदुसष्ट हजारांचा खड्डा पडला आणि एजन्सीची कमाई मात्र वाढली.

मग 'विक्री झाली तरच पैसे' हा तिसरा मार्ग सगळ्यात न्याय्य वाटतो. माझ्या मते लहान व्यावसायिक सर्वांत जास्त फसतो तो इथेच. विक्रीवर पाच टक्के ठरले, तर आठ लाखांवर चाळीस हजार होतात. पण चारशेपैकी शंभर ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या आणि दारातून परत आल्या. उरलेल्या तीनशेंतली एकशेवीस गिऱ्हाइकं तुमच्या दुकानाचं नाव टाइप करूनच शोधत होती. एजन्सीने त्या नावावरच जाहिरात लावली, त्यांनी तिच्यावर क्लिक केलं आणि ती विक्री एजन्सीच्या खात्यात जमा झाली. एजन्सीने खरोखर आणलेल्या ऑर्डरी उरल्या एकशेऐंशी, म्हणजे तीन लाख साठ हजारांच्या. त्यावर पाच टक्के अठरा हजार होतात. बावीस हजार जास्तीचे गेले.

नावावरची जाहिरात दोन आठवडे बंद ठेवून बघा. एकूण ऑर्डरी जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर ती गिऱ्हाइकं तुमचीच होती. मात्र सणाच्या तोंडावर ही परीक्षा घेऊ नका, आकडे फसवतील.

म्हणून माझा सल्ला असा: पहिले सहा महिने माफक रिटेनर ठेवा. नंतर त्यावर बोनस द्या, पण तो घरपोच होऊन पैसे जमा झालेल्या आणि दुकानाच्या नावाने न आलेल्या ऑर्डरींवरच, आणि तसं करारात लिहून घ्या. जाहिरातीचं खातं मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर उघडा. एजन्सी बदलावी लागली, तर आधीची सगळी माहिती तुमच्याकडेच राहील.