कांदा काढणीचा निरोप

‘कांदा काढायला माणसं पाहिजेत’ एवढाच निरोप मजुरांच्या ग्रुपवर पडला, की मुकादमाचे चार फोन येतात आणि तोवर टोळी दुसऱ्याच्या शेतात गेलेली असते. निफाडकडच्या उन्हाळ कांद्यासाठी असा निरोप उपयोगी पडेल (आकडे नमुन्याचे):

‘उन्हाळ कांदा, दोन एकर. 4 व 5 एप्रिल उपटणी, 8 ते 10 एप्रिल पात कापणी. 12 माणसं. बाई-पुरुष सारखाच रोज 450 रुपये, रोज संध्याकाळी रोख. वेळ 8 ते 5, दुपारी एक तास सुट्टी. सकाळी चहा, दुपारी भाकरी-भाजी आमची. पिकअप 7 वाजता गावातल्या पारावर, परत सोडणार. भाडं आमचं. विळा आपला आणावा.’

तारखांत खंड मुद्दाम आहे. निम्म्याच्या आसपास माना पडल्या की कांदा उपटतात, पण पात लगेच कापत नाहीत. तीन ते पाच दिवस पातीसकट वाळला, की मान सुकून बंद होते. ओल्या मानेचा कांदा चाळीत सडतो. हा खंड सांगितला नाही, तर टोळी सलग पाच रोज धरून येते आणि मधले दिवस बुडाले म्हणून भांडण होतं.

बरेच जण एकरावर उक्तं देतात. काम झपाट्यानं उरकतं, पण घाईत मान फार खाली कापली जाते. साठवणीच्या कांद्याला रोजच बरा. आणि पाऊस आला तर अर्ध्या दिवसाचं काय, हेही निरोपातच लिहा.